पाच दिवसांची नोकरी चार दिवसांवर आणताना

ऑक्टोबर 2023 मध्ये आमच्या डिझाइन विभागातल्या एका ताईंनी राजीनामा दिला. सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका आला होता, घरी दुसरं करणारं कोणी नव्हतं, आणि नवऱ्याची नोकरी फिरतीची. ताई जानेवारी 2013 पासून कंपनीत. पंपांच्या कास्टिंगची ड्रॉइंग्ज त्यांच्याइतकी स्वच्छ कोणी तपासत नाही, हे आमचे डिझाइन हेडसुद्धा मान्य करतात, आणि ते सहसा कुणाचंच काही मान्य करत नाहीत. मी या कंपनीत एचआर बघते. पुण्यातलं साठ-सत्तर माणसांचं ऑफिस, आठवड्याचे पाच दिवस, रोज आठ तास.

राजीनाम्याचं पत्र हातात घेऊन मी एवढंच विचारलं, "ताई, नोकरी सोडायचीय की वेळ कमी हवाय?" त्या म्हणाल्या, "वेळ कमी मिळाला तर कशाला सोडेन? पण तुमच्याकडे तसं कुठे असतं?" खरंच नव्हतं. कंपनीत तोवर कुणी अर्धवेळ नव्हतं. धोरण नव्हतं, पत्राचा नमुना नव्हता, पगाराच्या सॉफ्टवेअरला ही भानगड ठाऊक नव्हती.

साहेब तयार झाले. अडचण झाली ती "कसं करायचं" यावर. अकाउंट्सचं म्हणणं सरळ होतं: आलेला राजीनामा मंजूर करा, हिशेब चुकता करा आणि 1 जानेवारीपासून कमी पगारावर नवं नेमणूकपत्र द्या. कागद कमी लागतात, सॉफ्टवेअरमध्ये नवा कर्मचारी क्रमांक तयार होतो, सगळं सुटसुटीत. मी याला ठाम नकार दिला. नव्या नेमणुकीत अकरा वर्षांची सलग सेवा तुटते, पुढच्या ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांचं घड्याळ शून्यापासून सुरू होतं, परिवीक्षा काळ परत लागतो, आणि शिल्लक रजेचे पैसे हातात येऊन रजा मात्र संपते. ज्या बाईला पुढचं वर्ष रजेची सर्वांत जास्त गरज पडणार, तिच्याच खात्यात शून्य. म्हणून पहिलं काम म्हणजे त्यांचा राजीनामा लेखी मागे घेतला गेला आणि त्या जागी एक अर्ज आला: "कौटुंबिक कारणास्तव माझे कामाचे तास कमी करावेत अशी माझी विनंती आहे."

हा अर्ज किरकोळ वाटतो, पण तो फाइलमध्ये सर्वांत वर हवा. तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 9अ प्रमाणे मालकाला कामगाराचं वेतन किंवा कामाचे तास बदलायचे असतील तर 21 दिवसांची नोटीस द्यावी लागत असे. उद्या कोणी विचारलं की पगार चाळीस टक्क्यांनी का कमी झाला, तर बदल कुणी मागितला हे कागदानेच सांगायला हवं.

मग तास. ताईंना आठवड्याला 24 तास जमणार होते, म्हणजे चाळीसच्या साठ टक्के. ते बसवायचे तीन मार्ग होते. तीन दिवस पूर्ण आठ तास, चार दिवस सहा तास, किंवा पाचही दिवस पाचेक तास. ताईंची पहिली पसंती तीन दिवसांना होती, येण्याजाण्याचा वेळ वाचतो म्हणून. इथे मी आमच्या कामगार कायद्याच्या सल्लागारांना फोन केला आणि त्यांनी जे सांगितलं त्याने सगळा आराखडा बदलला.

तेव्हाच्या ग्रॅच्युइटी कायद्याच्या कलम 2अ मध्ये सलग सेवा म्हणजे काय ते दिलं होतं. सेवेत खंड नसेल तर प्रश्न येत नसे, पण कुणी वाद काढला तर मोजणी दिवसांवर येई: बारा महिन्यांत 240 दिवस, आणि आस्थापना आठवड्याला सहापेक्षा कमी दिवस चालत असेल तर 190 दिवस. आठवड्याला तीन दिवस म्हणजे वर्षाला 156. ती व्यक्ती करारानुसार एकही दिवस न चुकवता आली तरी 190 होत नाहीत. चार दिवस म्हणजे 208, सुट्ट्या वजा जाऊनही 190 च्या वर. सल्लागारांचं मत असं की तीन दिवसांतही सेवा सलगच आहे हे मांडता येतं, पण जे मांडावं लागतं ते टाळता येत असेल तर टाळावं. ताईंना मी दोन्ही आकडे समोर ठेवून सांगितलं. त्यांनी सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार असे चार दिवस, सकाळी साडेनऊ ते दुपारी चार, मध्ये अर्धा तास जेवण, असं निवडलं. बुधवार फिजिओथेरपीसाठी मोकळा.

चार दिवसांनी दुसरी एक गोष्ट मात्र हुकते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे वर्षात 240 दिवस काम केलेल्याला पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. 208 दिवसांत 240 कधीच भरणार नाहीत. म्हणजे कायद्याचा आकडा धरून बसलं तर अर्धवेळ माणसाला अर्जित रजा शून्य. ही रजा पत्रातूनच द्यावी लागते, कायद्यातून ती आपोआप येत नाही. अर्धवेळाचं पत्र "बाकी नियम पूर्वीप्रमाणे" म्हणून आटोपता येत नाही त्याचं एक कारण हे. पूर्वीचे नियम पूर्णवेळ माणूस डोळ्यासमोर ठेवून लिहिलेले असतात.

आता पगार. ताईंचा महिन्याचा एकूण पगार 72,000 होता: मूळ वेतन 36,000, घरभाडे भत्ता 14,400, विशेष भत्ता 21,600. साठ टक्क्यांनी तो 43,200 झाला, मूळ वेतन 21,600. इथवर कुणीही करेल. पण मी पत्रात आधी 72,000 लिहिले आणि मग 43,200. "तुमचे पूर्णवेळ समतुल्य वेतन दरमहा 72,000 रुपये राहील. अर्धवेळ काळात त्याच्या 60 टक्के वेतन देय असेल. वार्षिक वेतनवाढ पूर्णवेळ समतुल्य वेतनावर मोजली जाईल." ही तीन वाक्यं मला सगळ्या पत्रात सर्वांत मोलाची वाटतात. कंपनीच्या पत्रात नुसतं "सुधारित वेतन 43,200" असं असतं, तर परत पूर्णवेळ व्हायच्या दिवशी कुठून मोजायचं यावरच भांडण. वर्षभरात बाकीच्यांना वाढ मिळालेली असते, आणि परतणाऱ्याला जुन्या 72,000 वरच आणून बसवायचा मोह साहेबांना होणारच. माणूस वाईट नाही, पण पैशाचं तसंच असतं.

साहेबांनी विचारलं, "मग पीएफपण साठ टक्के ना?" नाही. आमच्याकडे भविष्य निर्वाह निधी 15,000 च्या मर्यादेवर कापतात, बारा टक्के म्हणजे 1,800. मूळ वेतन 36,000 असो की 21,600, दोन्ही पंधरा हजारांच्या वर आहेत, म्हणून ताईंचे 1,800 आणि कंपनीचे 1,800 तसेच राहिले. यात एक पथ्य आहे. साठऐवजी चाळीस टक्के केलं असतं तर मूळ वेतन 14,400 झालं असतं आणि निवृत्तिवेतन योजनेतली रक्कमही घटली असती. तिथे पेन्शन शेवटच्या साठ महिन्यांच्या सरासरीवर ठरतं, त्यामुळे नोकरीच्या अखेरीला अर्धवेळ होणाऱ्याने मूळ वेतन पंधरा हजारांखाली जातंय का ते बघून घ्यावं. व्यवसाय करही साठ टक्के होत नाही. महाराष्ट्रात महिलांना 25,000 पर्यंत माफी आहे, त्याच्या वर महिना 200 आणि फेब्रुवारीत 300. ताई 43,200 वर, म्हणजे पूर्ण 200.

आयकराच्या कपातीत मात्र गंमत झाली. एप्रिल ते डिसेंबर दरमहा सुमारे 3,155 रुपये कापले गेले होते, वर्षाचं उत्पन्न 8,64,000 धरून. जानेवारीपासून पगार उतरल्यावर वर्षाचा अंदाज 7,77,600 वर आला, आणि नव्या करप्रणालीत देय कर जवळजवळ तेवढाच निघाला जेवढा आधीच कापून झाला होता. शेवटचे तीन महिने कपात शंभराच्या आसपास. ताईंना मी आधीच सांगून ठेवलं होतं की हातात साधारण 41,000 पडतील. नाहीतर साधारण 66,800 ची सवय असलेल्या घराला हा आकडा पगाराच्या दिवशी कळला असता, आणि त्यांचं घरकर्जही चालू होतं. बँकेला कळवायचं की नाही हा त्यांचा प्रश्न, पण हप्ता बसतो का हे पत्रावर सही करण्याआधी मांडून पाहायला हवं होतं. त्यांनी ते माझ्या टेबलावर बसूनच मांडलं.

ग्रॅच्युइटीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, कारण ती कुणालाच दिसत नव्हती. ताईंनासुद्धा नाही. सूत्र सगळ्यांना पाठ आहे: शेवटचं मूळ वेतन गुणिले 15, भागिले 26, गुणिले सेवेची वर्षं. "शेवटचं" हा शब्द कुणी मनावर घेत नाही, कारण पगार वाढतच जातो अशी सवय असते. इथे तो उतरणार होता, आणि उतरलेला आकडा मागच्या अकराही वर्षांना लागणार होता.

मी कागदावर मांडून दाखवलं. 31 डिसेंबर 2023 ला नोकरी सोडली तर 36,000 वर अकरा वर्षांचे 2,28,461 रुपये. त्याऐवजी दोन वर्षं अर्धवेळ काम करून तेराव्या वर्षी सोडली तर 21,600 वर तेरा वर्षांचे 1,62,000. म्हणजे दोन वर्षं जास्त राबून 66,000 कमी. ताई बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग मी राजीनामाच द्यायला हवा होता की!" हिशेबाने त्यांचं चूक नव्हतं.

ग्रॅच्युइटी कायद्यातच यावर वाट होती. कलम 4 च्या पाचव्या पोटकलमाप्रमाणे कायद्यापेक्षा चांगल्या अटी करारातून देता येत होत्या. म्हणून आम्ही दोन तुकड्यांचं सूत्र लिहिलं. अर्धवेळ होण्याआधीची सेवा त्या दिवशीच्या पूर्ण मूळ वेतनावर, अर्धवेळ सेवा अर्धवेळ मूळ वेतनावर, आणि दोन्हीची बेरीज. वरच्या उदाहरणात ती 2,28,461 अधिक 24,923, म्हणजे 2,53,384 होते. साहेबांना हे पटवणं कठीण गेलं नाही. अकरा वर्षांची रक्कम त्यांच्या वहीत तशीही तरतूद म्हणून होती, ती कमी होण्यात त्यांना फुकटचा फायदा झाला असता एवढंच. पण सल्लागारांनी दोन बाबी कानावर घातल्या. कंपनीने ज्या विमा कंपनीकडे ग्रॅच्युइटीचा निधी ठेवला आहे, ती कायद्याच्या सूत्राप्रमाणेच पैसे देईल, वरचा फरक कंपनीला खिशातून द्यावा लागेल. आणि ताईंना मिळणाऱ्या रकमेतला कायद्याच्या सूत्राइतकाच भाग करमुक्त राहील, वरच्या 91,384 वर कर लागेल. दोन्ही गोष्टी मी ज्याच्या त्याच्या समोर ठेवल्या. सूत्राच्या शेवटी सल्लागारांनी स्वतःच्या हाताने चार शब्द घातले: "यांपैकी जी अधिक, ती." तेव्हा मला ते वकिली नेटकेपण वाटलं होतं.

रजेचा प्रश्न तासांत मांडला की सुटतो, दिवसांत मांडला की अडतो. ताईंच्या खात्यात 22 दिवस अर्जित रजा शिल्लक होती. ती कमावली तेव्हा एक दिवस आठ तासांचा होता, आता वापरतील तेव्हा एक दिवस सहा तासांचा. 22 दिवस तसेच पुढे नेले तर 44 तास बुडतात. म्हणून 22 गुणिले 8, म्हणजे 176 तास, भागिले 6, साधारण 29 दिवस. आमचं सॉफ्टवेअर फक्त पूर्ण आणि अर्धा दिवस ओळखतं, म्हणून साडेएकोणतीस धरले. नव्या वर्षाची 18 दिवसांची अर्जित रजा याच हिशेबाने: 144 तासांचे साठ टक्के 86.4 तास, म्हणजे सहा तासांचे 14.4 दिवस, साडेचौदा दिले. अकाउंट्सला सुरुवातीला वाटलं मी रजा वाढवतेय. तास मांडल्यावर बोलणं थांबलं.

सणांच्या सुट्ट्यांत एक खोच होती, ती दिनदर्शिका उघडल्यावर दिसली. 2024 मध्ये रामनवमी 17 एप्रिलला, महाराष्ट्र दिन 1 मे ला, गांधी जयंती 2 ऑक्टोबरला आणि नाताळ 25 डिसेंबरला. चारही बुधवार, आणि बुधवार ताईंचा मोकळा दिवस. आमच्या यादीत वर्षाला दहा सुट्ट्या असतात. बाकीच्यांना दहाच्या दहा, ताईंना सहा. दहा सुट्ट्यांचे 80 तास, त्यांचे साठ टक्के 48 तास, म्हणजे सहा तासांचे आठ दिवस त्यांच्या वाट्याचे. सहा मिळत होत्या, म्हणून दोन दिवस सोयीने घ्यायची पर्यायी सुट्टी पत्रात लिहिली. सोमवार मोकळा असता तर हाच हिशेब वेगळा आला असता, म्हणून हे दरवर्षी दिनदर्शिका समोर घेऊन करावं लागतं.

आरोग्य विम्याला टक्केवारी लागत नाही. माणूस एकतर विम्यात असतो किंवा नसतो. आमच्या सामूहिक पॉलिसीत सासूसासरेही येत होते, आणि या सगळ्या खटाटोपाचं कारणच सासरे होते. पॉलिसीचा कागद काढून वाचला तर पात्र कर्मचाऱ्याच्या व्याख्येत "पूर्णवेळ कायम कर्मचारी" असं लिहिलेलं. विमा एजंट फोनवर म्हणाला, "मॅडम, काही होत नाही, एवढं कोण बघतं?" हप्ता भरताना कुणी बघत नाही, दावा आला की सगळे बघतात. मी त्याच्याकडून विमा कंपनीचं लेखी पुरवणीपत्र मागितलं, ज्यात आठवड्याला किमान 20 तास काम करणारे कायम कर्मचारी पात्र धरले जातील असं होतं. ते यायला डिसेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. ते हातात येईपर्यंत मी ताईंच्या पत्रावर साहेबांची सही घेतली नाही, आणि त्या उशिरामुळे दोन्हीकडून बोलणी खाल्ली.

इथे दुसऱ्या टोकाचं एक सांगते. त्यानंतर स्टोअर विभागातल्या एकाने असाच अर्ज केला. त्याचा पगार 32,000, साठ टक्क्यांनी 19,200. म्हणजे 21,000 च्या मर्यादेखाली, आणि तो कर्मचारी राज्य विमा योजनेत आला. त्याच्या पगारातून पाऊण टक्का म्हणजे 144 रुपये आणि कंपनीचे सव्वातीन टक्के म्हणजे 624 रुपये. त्याची नोंदणी, घरच्यांची माहिती, दवाखाना निवडणं हे सगळं नव्याने करावं लागलं. पगार कमी झाल्यावर एखाद्या योजनेतून माणूस बाहेर पडेल अशी धास्ती असते, इथे तो एका योजनेत आत आला.

डिझाइन हेडबरोबर एकच विषय निघाला. "बुधवारी फोन उचलतील ना?" मी म्हटलं, उचलला तर तो वेळ मोजावा लागेल. पत्रात लिहिलं की 24 तासांवरचं काम आधी सांगून होईल आणि त्याच्या बदल्यात पुढच्या महिनाभरात तितके तास सूट मिळेल. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण ड्रॉइंग तपासायला देण्याची वेळ मंगळवार संध्याकाळऐवजी मंगळवार सकाळ केली. खरा उपाय तोच होता. कामही साठ टक्के करून दिलं नाही तर माणूस साठ टक्के पगारात शंभर टक्के राबतो, म्हणून त्यांच्याकडचे दोन ग्राहक दुसऱ्या इंजिनिअरकडे गेल्याचं मी हेडकडून लेखी घेतलं.

परत येण्याचं कलम सर्वांत जास्त वेळा खोडून लिहिलं गेलं. साहेबांना हवं होतं "कंपनीच्या गरजेनुसार". त्याचा अर्थ असा की ताईंना परत यायचंय तेव्हा जागा नाही म्हणता येईल, आणि यायचं नाही तेव्हा बोलावता येईल. ताईंना हवं होतं "मी सांगेन तेव्हा". कंपनीने मधल्या काळात एक वर्षाच्या मुदतीवर एक मुलगा घ्यायचं ठरवलं होतं, त्यामुळे तेही जमणारं नव्हतं. शेवटी ठरलं ते असं: व्यवस्था 1 जानेवारी ते 31 डिसेंबर 2024. मुदत संपल्यावर त्याच श्रेणीत, पूर्णवेळ समतुल्य वेतनावर परत येण्याचा ताईंना हक्क, फक्त 60 दिवस आधी लेखी कळवायचं. मुदतीआधी यायचं असेल तर दोघांच्या संमतीने. कंपनीला मुदतीआधी बोलवायचं असेल तर 60 दिवसांची सूचना, आणि ताईंना ते शक्य नसेल तर नकार देण्याची मुभा, तो नकार शिस्तभंग धरला जाणार नाही. आणि कुणीच काही कळवलं नाही तर? हा प्रश्न ताईंनी विचारला. बहुतेक पत्रं इथेच गप्प असतात. आम्ही लिहिलं की काही न कळवल्यास 1 जानेवारी 2025 पासून त्या आपोआप पूर्णवेळ होतील, अर्धवेळ पुढे चालवायचं असेल तर नवा अर्ज लागेल.

पत्र तीन पानांचं झालं. सुरुवातीलाच होतं: "हे नवीन नेमणूकपत्र नसून आपल्या मूळ नेमणूकपत्रातील अटींमध्ये आपल्या विनंतीवरून केलेला बदल आहे. आपली सेवा सलग राहील." प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, सोबत ताईंचा अर्ज, रजेच्या रूपांतराचा तक्ता आणि विम्याचं पुरवणीपत्र.

डिसेंबरअखेर आम्ही जानेवारीच्या पगाराची रंगीत तालीम केली, नुसत्या त्या एका नावाची. जे व्हायचं तेच झालं. सॉफ्टवेअरमध्ये पगार 43,200 केला होता, पण हजेरीच्या भागात ताई अजून पाच दिवसांच्या पाळीत होत्या. त्यामुळे प्रत्येक बुधवार गैरहजर, आणि जे दिवस भरले तेही सहाच तासांचे म्हणून अर्धा दिवस. गैरहजेरीला दिवसाला 43,200 भागिले 30, म्हणजे 1,440 ची कपात. आधी पगार साठ टक्के आणि मग त्यातून परत कमी भरलेल्या वेळेचे पैसे. जानेवारी 2024 मध्ये पाच बुधवार होते, त्यांचेच 7,200 गेले असते, अर्ध्या दिवसांचे वेगळे. उपाय साधा होता: त्यांच्या नावाने सहा तासांची वेगळी पाळी तयार करायची आणि बुधवारला साप्ताहिक सुट्टी म्हणून खूण करायची. अशी पाळी आधी नसेल तर पहिली पगारपावती चुकणारच, आणि ती चुकली की पत्रातल्या सगळ्या चांगल्या वाक्यांवरचा विश्वास उडतो.

एप्रिल 2024 मध्ये सगळ्यांना आठ टक्के वाढ झाली. ताईंचं समतुल्य वेतन 77,760 आणि हातातलं त्याच्या साठ टक्के, 46,656. ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांनी लेखी कळवलं की सासरे आता काठी घेऊन घरात फिरतात, दिवसभरासाठी बाई मिळाली आहे, आणि त्या जानेवारीपासून पूर्णवेळ येतील. 1 जानेवारी 2025 ला पाळी बदलली, बुधवारची खूण काढली, पगार 77,760 लावला. रजा उलट्या हिशेबाने: सहा तासांचे 16 दिवस शिल्लक होते, 96 तास, म्हणजे आठ तासांचे 12 दिवस. हे त्यांना आवडलं नाही. "सोळाचे बारा कसे काय?" म्हणून त्या आल्या. गेल्या वर्षीचा तक्ता काढून दाखवला, 22 चे साडेएकोणतीस झाले होते तो. मग हसल्या.

तेव्हाच अकाउंट्सने वार्षिक तरतुदीसाठी ग्रॅच्युइटी मांडली आणि विचारलं की अर्धवेळचं 2024 हे वर्ष साठ टक्क्यांनी धरायचं ना, पत्रात तसंच आहे. आता मूळ वेतन 38,880 होतं. कायद्याच्या सूत्रात ते बारा वर्षांना सरसकट लागतं, अर्धवेळच्या वर्षालाही, आणि 2,69,169 येतात. दोन तुकड्यांचं सूत्र लावलं तर 2024 हे वर्ष कमी भरतं आणि आधीची अकरा वर्षं जुन्या 36,000 वर अडकतात. साहेब म्हणाले, "म्हणजे अर्धवेळ काम केलं त्या वर्षाचीही पूर्ण?" कायद्यापेक्षा कमी देता येत नाही, करार करूनही नाही, आणि आमच्या पत्रात तर सल्लागारांचे ते चार शब्द होतेच. मी पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं आणि तरतूद 2,69,169 ची झाली. नोव्हेंबर 2025 पासून ग्रॅच्युइटी सामाजिक सुरक्षा संहितेखाली आली आहे. आधार अजूनही शेवटचं वेतनच, पण वेतनाची व्याख्या बदलली आहे. त्यामुळे आता नवा अर्ज आला की मी जुन्या पत्राची वाक्यं वापरते, आकडे मात्र नव्याने मांडते.